बी ट्रीमध्ये नोड कसा फुटतो, आणि डेटाबेसला तो का लागतो: लेखी परीक्षेआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा जवळ आली की दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतच्या मुलांचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे: आंब्याच्या पेट्या पाठवणाऱ्या एका बागायतदाराच्या पावत्यांचे क्रमांक. पावती ज्या क्रमाने हाती येईल त्या क्रमाने तिचा क्रमांक ट्रीत घालायचा. वही-पेन घेऊन बसा. नुसतं वाचून हे डोक्यात राहत नाही.

१. ऑर्डर ५ चा बी ट्री म्हणजे एका नोडमध्ये ५ की बसतात ना?

नाही, ४ बसतात. आपल्याकडच्या पेपरांत ऑर्डर `m` म्हणजे एका नोडला जास्तीत जास्त किती चाइल्ड असू शकतात तो आकडा. चाइल्ड नेहमी कीपेक्षा एकाने जास्त असतात. दोन कुंपणांनी जागेचे तीन भाग होतात, तसंच हे आहे. म्हणून जास्तीत जास्त की `m − 1`, आणि रूट सोडून प्रत्येक नोडमध्ये कमीत कमी `⌈m/2⌉ − 1` की. ऑर्डर ५ साठी हे आकडे ४ आणि २ येतात. रूटला मात्र एकच की असली तरी चालते.

घोटाळा होतो कारण ऑर्डरच्या व्याख्याच एकाहून जास्त आहेत. काही पुस्तकांत `t` हा किमान डिग्रीचा आकडा देतात, आणि तिथे जास्तीत जास्त की `2t − 1` होतात. बायर आणि मॅकक्राइट यांनी बी ट्री मांडला तेव्हा त्यांनी नोडमधल्या किमान कींच्या संख्येवरून आकडा धरला होता. म्हणून उत्तराची पहिली ओळ हीच लिहा: ‘ऑर्डर ५ म्हणजे जास्तीत जास्त ५ चाइल्ड, ४ की असे धरले आहे.’ पेपर तपासणाऱ्याच्या मनात दुसरी व्याख्या असली तरी तुमची आकृती कोणत्या नियमाने काढली आहे ते त्याला कळतं.

२. बी म्हणजे बायनरी का?

नाही. बायनरी ट्रीत दोनच चाइल्ड असतात, इथे शेकडो असू शकतात. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी बोइंग कंपनीच्या संशोधन विभागात असताना ही रचना मांडली, आणि त्यांचा निबंध १९७२ मध्ये छापून आला. बी कशाचा, हे त्यांनी त्यात सांगितलं नाही. पेपरात बायनरी मात्र लिहू नका.

३. रूटमध्ये जागा रिकामी असताना नवी की थेट तिथेच का ठेवायची नाही?

कारण रूटमध्ये एक की वाढली की त्याला एक चाइल्डही वाढवावा लागतो, आणि तो आणायचा कुठून? लीफला खाली काही नसतं, म्हणून तिथे की वाढली तरी काही अडत नाही. वरच्या नोडला नवी की मिळते ती फक्त खालचा नोड फुटल्यावर. तेव्हा एका नोडचे दोन झालेले असतात, म्हणजे वाढीव चाइल्ड आपोआप हजर असतो. कुठलीही की आधी लीफपर्यंत जायलाच हवी, हा नियम यातूनच येतो.

४. नोड फुटतो म्हणजे नेमकं काय होतं? एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा.

ऑर्डर ५. पावत्या या क्रमाने येतात: ४०, १५, ६२, २८, ५१, ३३, २०, ७०, ८५, २४, ५५.

पहिल्या चार एकाच नोडमध्ये चढत्या क्रमाने बसतात: १५, २८, ४०, ६२. नोड भरला, पण भरला म्हणजे फुटला नाही. पाचवी ५१ आली की नोड पुरेना होतो. अशा वेळी कागदाच्या कोपऱ्यात पाचही की क्रमाने लिहा: १५, २८, ४०, ५१, ६२. मधली ४० वर जाते, डावीकडच्या दोन एका नोडमध्ये राहतात, उजवीकडच्या दोन नव्या नोडमध्ये जातात. वर कोणी नव्हतं, म्हणून ४० साठी नवा रूट तयार होतो.

```
        [४०]
       /    \
 [१५ २८]   [५१ ६२]
```

पुढे ३३ आणि २० डाव्या लीफमध्ये, ७० आणि ८५ उजव्या लीफमध्ये जागा आहे म्हणून बसतात. आता दोन्ही लीफ भरले. मग २४ येते. ती ४० पेक्षा लहान, म्हणून डावीकडे. तिथे पाच की होतात: १५, २०, २४, २८, ३३. मधली कोण? खुद्द २४, नुकतीच आलेली. पुष्कळ मुलं इथे चुकतात. त्यांना वाटतं की वर जायची ती जुन्या चारांपैकीच एक. तसा काही नियम नाही. नवी की धरून पाच मांडायच्या आणि मधली उचलायची.

५५ आल्यावर उजवा लीफ फुटतो: ५१, ५५, ६२, ७०, ८५ मधून ६२ वर जाते.

```
            [२४ ४० ६२]
        /     |     |     \
 [१५ २०] [२८ ३३] [५१ ५५] [७० ८५]
```

अकरा की घातल्या, मोजून पाहा: वर ३, खाली ८. ही मोजणी प्रत्येक फुटीनंतर करा. बी ट्रीत वर गेलेली की खाली उरत नाही. तीच की दोन ठिकाणी दिसली, तर तुम्ही नकळत बी प्लस ट्री काढायला लागला आहात (प्रश्न ८ पाहा).

५. लीफ फुटलं आणि वरचा नोडही भरलेलाच असेल तर?

मग वरचाही फुटतो, त्याच नियमाने. हा भाग सर्वांत नीट समजून घ्या, कारण जास्त गुणांच्या प्रश्नात की अशाच निवडलेल्या असतात की हे एकदा तरी घडावं.

वरच्याच ट्रीत ९०, ७५ आणि ८० घाला. ८० मुळे शेवटचं लीफ फुटतं (७०, ७५, ८०, ८५, ९०) आणि ८० वर जाते. रूट आता २४, ४०, ६२, ८० असा काठोकाठ भरला. पुढे ३६ आणि ३० घातल्या की दुसरं लीफ २८, ३०, ३३, ३६ असं भरतं.

```
               [२४ ४० ६२ ८०]
     /       |          |       |       \
[१५ २०] [२८ ३० ३३ ३६] [५१ ५५] [७० ७५] [८५ ९०]
```

आता ३१ येते. लीफमध्ये २८, ३०, ३१, ३३, ३६ होतात, मधली ३१ वर जाते. रूटमध्ये २४, ३१, ४०, ६२, ८० अशा पाच की झाल्या, आणि त्याखाली सहा लीफ. रूट फुटतो: ४० वर, २४ व ३१ डावीकडे, ६२ व ८० उजवीकडे.

```
                    [४०]
              /              \
        [२४ ३१]              [६२ ८०]
       /   |   \            /   |   \
[१५ २०][२८ ३०][३३ ३६] [५१ ५५][७० ७५][८५ ९०]
```

कींची वाटणी सगळे बरोबर करतात, गोंधळ होतो चाइल्डच्या वाटणीत. सहा लीफ होते, त्यातले डावे तीन डाव्या नोडला आणि उजवे तीन उजव्या नोडला. वर गेलेल्या ४० च्या दोन्ही बाजूंचे पॉइंटर ज्या त्या बाजूलाच राहतात. दर वर्षी काही उत्तरपत्रिकांत एखादं लीफ लोंबकळत राहिलेलं असतं किंवा दोन नोडना जोडलेलं असतं, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यामुळे वाया जातात.

ही आकृती थोडा वेळ बघा. खालच्या पातळीवर सहा लीफ, सगळे रूटपासून सारख्याच अंतरावर. हे आपोआप झालं, वेगळी बॅलन्सिंगची पायरी केलीच नाही. साधं बायनरी सर्च ट्री टोकाला वाढतं, म्हणून एका बाजूला लांबलचक होऊ शकतं. बी ट्रीची उंची वाढते फक्त रूट फुटल्यावर, आणि रूट फुटला की प्रत्येक लीफ एकाच वेळी एक पायरी खाली जातं. म्हणून एखादंच लीफ खोल जाईल हे शक्य नाही. ‘बी ट्री नेहमी संतुलित का राहतो’ हा प्रश्न आला तर उत्तर हेच आहे.

एक पडताळाही मिळतो. ऑर्डर ५ मध्ये तीन पातळ्यांसाठी कमीत कमी १७ की लागतात: रूटमध्ये १, मधल्या दोन नोडांत ४, सहा लीफांत १२. आपल्या ट्रीत बरोबर १७ आहेत. पेपरात १५ की देऊन तुमची आकृती तीन पातळ्यांची आली, तर कुठेतरी नोड भरायच्या आधीच फोडलात.

६. शेजारच्या लीफमध्ये जागा आहे. तिकडे एक की सरकवली तर फोडायची गरजच नाही ना?

विचार बरोबर आहे. वरच्या उदाहरणात ३१ येताना डावीकडचं १५, २० हे लीफ अर्धं रिकामं होतं. २४ खाली डाव्या लीफमध्ये आणि २८ वर रूटमध्ये नेली असती, तर ३१ ला जागा झाली असती आणि ट्री दोनच पातळ्यांचा राहिला असता. अशी सरकवासरकव बी स्टार ट्री नावाच्या प्रकारात करतात. पण ‘बी ट्रीमध्ये इन्सर्ट करा’ एवढंच विचारलं असेल तर शेजाऱ्याकडे पाहायचं नाही, सरळ फोडायचं. शेजाऱ्याकडून की घेणं हे नेहमीच्या बी ट्रीत डिलीट करताना येतं. दोन्हींची सरमिसळ केल्याने गुण गेलेले मी पुष्कळदा पाहिले आहेत.

७. ऑर्डर ४ मध्ये फुटताना चार की होतात. मधली कुठली?

दोन्ही चालतात. १०, २०, ३०, ४० मधून २० वर नेली तर डावीकडे १० आणि उजवीकडे ३०, ४० राहतात. ३० नेली तर डावीकडे १०, २० आणि उजवीकडे ४० राहते. ऑर्डर ४ ची किमान अट एका कीची आहे, ती दोन्हीकडे पाळली जाते. मात्र सुरुवातीलाच ‘डावी मधली की वर नेली आहे’ असं लिहा आणि शेवटपर्यंत तेच करा. एकदा डावी, एकदा उजवी असं केलं तर ट्री चुकीचा ठरत नाही, पण तपासणाऱ्याला तुमची पायरी त्याच्या उत्तराशी ताडून पाहता येत नाही.

याला जोडूनच एक प्रश्न येतो: काही पुस्तकांत खाली उतरतानाच वाटेतला भरलेला नोड आधीच फोडतात, ते चालेल का? ती पद्धत खरी आहे. तिचा फायदा असा की फूट वर नेण्यासाठी पुन्हा मागे चढावं लागत नाही. पण ती सम ऑर्डरलाच लागू पडते. ऑर्डर ५ च्या भरलेल्या नोडमध्ये चारच की असतात. त्यातली एक वर नेली तर खाली एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला २ उरतात, आणि किमान २ ची अट मोडते. प्रश्नात तसं सांगितलं असेल तरच ती वापरा, कारण तिने ट्री वेगळा येतो.

८. बी प्लस ट्रीमध्ये फूट वेगळी असते का?

लीफ फुटताना वेगळी असते. तिथे मधली की वर जाते ती तिची प्रत म्हणून, मूळ की खालीच राहते. प्रश्न ४ मधली पहिलीच फूट घ्या: १५, २८, ४०, ५१, ६२. बी प्लसमध्ये डावीकडे १५, २८ आणि उजवीकडे ४०, ५१, ६२, वर ४०. कारण सगळी खरी नोंद लीफमध्येच ठेवायची असते, वरच्या की फक्त वाट दाखवतात. मधल्या पातळीवरचा नोड फुटला तर मात्र तिथली की बी ट्रीसारखीच वर सरकते, प्रत उरत नाही. शिवाय लीफ एकमेकांना ओळीने जोडलेले असतात. ती जोडणी बाणाने दाखवा, तिला गुण असतात.

९. पण डेटाबेस इंडेक्ससाठी हेच का वापरतात? पाच गुणांसाठी काय लिहू?

उत्तराचा गाभा एकच आहे: डेटाबेस डिस्कवरून एकेक की वाचत नाही, एक अख्खं पेज वाचतो, म्हणून एक नोड एका पेजएवढा केला. पोस्टग्रेसमध्ये पेज सहसा ८ केबीचं असतं, मायएसक्यूएलच्या `InnoDB` मध्ये १६ केबीचं. पेज एकदा मेमरीत आलं की त्यातल्या कींची तुलना जवळजवळ फुकट होते. वेळ जातो तो पेज आणण्यात. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की एका शोधात किती पेज आणावी लागतात, म्हणजे ट्री किती उंच आहे.

हिशेब मांडा. पेज ८ केबी, की ८ बाइट, पॉइंटर ८ बाइट. एका पेजात साधारण ५०० नोंदी बसतात. तीन पातळ्यांत ५०० × ५०० × ५००, म्हणजे १२.५ कोटी. प्रत्येक पेज अर्धंच भरलेलं धरलं तरी २५० चा घन दीड कोटीच्या वर जातो. तेवढ्याच १२.५ कोटी कींचं संतुलित बायनरी ट्री २७ पातळ्यांचं होईल. फिरत्या डिस्कवर एका वाचनाला साधारण १० मिलिसेकंद धरले, तर एकीकडे ३० मिलिसेकंद आणि दुसरीकडे २७०. शिवाय रूट आणि त्याखालची पातळी बहुधा मेमरीतच असते, म्हणून प्रत्यक्षात एखादंच पेज आणावं लागतं. एसएसडीवर एकेक वाचन पुष्कळ जलद होतं, पण तीसुद्धा पेजनेच वाचते, त्यामुळे युक्तिवाद तोच राहतो.

हा हिशेब लिहिलात तर ‘शोध जलद होतो’ अशी मोघम वाक्यं लिहावीच लागत नाहीत. त्याला एक वाक्य जोडा: की घालताना बहुतेक वेळा एकच लीफ बदलतं, आणि फूट झालीच तरी ती पातळ्यांच्या संख्येइतक्याच नोडांपुरती राहते.

१०. हॅश इंडेक्स तर एका फटक्यात सापडवतो. मग तो का नाही?

एकच पावती हवी असेल तर हॅश चांगला. पण बागायतदार विचारतो, ‘१५ ते ३० एप्रिलच्या सगळ्या पेट्या दाखवा.’ हॅश की विखरून टाकतो, शेजारच्या तारखा शेजारी राहत नाहीत. बी प्लस ट्रीत १५ एप्रिलच्या लीफपर्यंत उतरायचं आणि मग लीफांच्या ओळीने पुढे चालत ३० एप्रिलला थांबायचं.

```sql
CREATE INDEX idx_dinank ON pavati (dinank);
SELECT * FROM pavati
WHERE dinank BETWEEN '2024-04-15' AND '2024-04-30';
```

क्रमाने लावून मागणं, सर्वांत मोठी किंवा सर्वांत लहान की शोधणं, हेही त्याच कारणाने सोपं होतं. बहुतेक डेटाबेस इंडेक्ससाठी बी प्लस वापरतात ते यासाठीच. एसक्यूलाइट मात्र टेबल बी प्लस ट्रीत आणि इंडेक्स साध्या बी ट्रीत ठेवतो, तेव्हा ‘सगळे बी प्लसच वापरतात’ असं लिहू नका.

११. पावत्या १, २, ३ अशा चढत्या क्रमाने आल्या तर ट्री बिघडतो का?

संतुलन बिघडत नाही, जागा वाया जाते. प्रत्येक फूट उजव्या टोकाला होते, आणि मागे राहिलेल्या डाव्या अर्ध्यात पुन्हा कधीच की येत नाही. ऑर्डर ५ मध्ये १ ते १७ ओळीने घाला: प्रत्येक लीफमध्ये दोनच की उरतात. की कशाही क्रमाने आल्या तर पेज सरासरी ६९ टक्के भरलेली राहतात, इथे मात्र निम्मीच.

प्रत्यक्षात पावती क्रमांक असेच येतात, म्हणून डेटाबेस टोकाला मधोमध फोडत नाहीत. पोस्टग्रेस सर्वांत उजवं लीफ फोडताना डावं पेज `fillfactor` इतकं, म्हणजे ठरवलेलं नसेल तर ९० टक्के, भरलेलं ठेवतो. लेखी परीक्षेत मात्र मधोमधच फोडा.

१२. तीच की दोनदा आली तर?

पेपरात बहुधा येत नाही. आलीच तर ‘की एकमेव धरल्या आहेत’ असं लिहून दुसरी सोडा. डेटाबेसमध्ये एकाच तारखेच्या शेकडो पावत्या असणारच, म्हणून पोस्टग्रेस कीबरोबर ओळीचा पत्ताही तुलनेत धरतो. त्यामुळे दोन नोंदी कधीच अगदी सारख्या ठरत नाहीत.

१३. पेपरात प्रत्येक की घातल्यावर आकृती काढायची का?

नाही, वेळ पुरणार नाही. फूट न होणाऱ्या की एकत्र घाला आणि एक आकृती काढा. फूट होते तिथे मात्र दोन आकृत्या हव्यात: फुटण्याआधीची आणि नंतरची, मध्ये एक ओळ. उदाहरणार्थ: ‘३१ घातल्याने लीफमध्ये ५ की, मधली ३१ वर, रूटमध्ये ५ की, मधली ४० वर, उंची १ ने वाढली.’ शेवटी उरलेल्या दोन मिनिटांत प्रश्न ४ मधली मोजणी करा, आणि ट्री डावीकडून उजवीकडे वाचून की चढत्या क्रमाने येतात का ते पाहा. चुकीच्या बाजूला गेलेली की या वाचनात लगेच सापडते.

१४. नोड फुटत असतानाच वीज गेली तर?

पावसाळ्यात आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो, आणि तो मला फार आवडतो. फुटीत किमान तीन पेज बदलतात: जुनं, नवं आणि वरचं. तिन्ही एकाच क्षणी डिस्कवर जात नाहीत. म्हणून डेटाबेस बदलाची नोंद आधी लॉगमध्ये लिहितो आणि मग पेज लिहितो. वीज आल्यावर लॉग वाचून राहिलेलं काम पुरं केलं जातं.

पोस्टग्रेसमध्ये आणखी एक सोय आहे. लीफ फुटलं पण वरच्या नोडमध्ये नोंद व्हायची राहिली, तर डाव्या पेजावर ‘फूट अपुरी’ अशी खूण असते. तोवर शोधणारा डाव्या पेजावर येतो, आपली की तिथल्या सर्वांत मोठ्या मर्यादेपलीकडे आहे हे पाहतो आणि शेजारच्या पॉइंटरने उजवीकडे जातो. पुढे कोणी त्या बाजूला की घालायला आलं, की आधी ती राहिलेली नोंद वरच्या पेजात भरली जाते आणि मगच नवी की बसते.